ऑनलाइन कुर्ता घेण्याआधी विक्रेत्याला मेसेज कसा लिहावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत बसून मागवलेला कुर्ता परत पाठवायचा तर बरेचदा कुरिअरचा खर्च आपल्याच माथी बसतो. म्हणून पैसे भरण्याआधीच कापडाबद्दल विचारून घ्यावे.

आधी धाग्याचे विचारा. ‘कापड चांगलं आहे का?’ असे विचारले तर ‘एकदम प्युअर’ एवढेच उत्तर येते. ‘कॉटन ब्लेंड’ किंवा ‘कॉटन फील’ लिहिले असेल तर त्यात पॉलिएस्टर किंवा रेयॉन असू शकते, म्हणून टक्केवारी मागावी. अस्तर असल्यास त्याचेही वेगळे विचारावे. कुर्ता आटला आणि अस्तर तसेच राहिले, तर खालच्या घेराला झोळ येतो.

मग वजन. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन म्हणजे जीएसएम. ते ठाऊक नसेल तर विक्रेत्याकडून एक मीटर कापडाचे वजन आणि पन्हा मागा. समजा पन्हा ४४ इंच, म्हणजे साधारण १.१२ मीटर, आणि वजन १३४ ग्रॅम आहे. १३४ भागिले १.१२ केले की सुमारे १२० जीएसएम येते. रोजच्या सुती कुर्त्याला हे वजन बरे. ७०-८० चे कापड उन्हाळ्यात हलके वाटते, पण फिक्या रंगात आरपार दिसते. १८० च्या पुढचे सुती कापड खानापूरकडच्या पावसाळ्यात लवकर वाळत नाही.

सर्वांत जास्त फसगत आटण्यात होते. मागावर आणि नंतरच्या प्रक्रियेत धागा ताणलेला असतो, पाणी लागले की तो सैल होऊन आखडतो. ताण ताण्यावर, म्हणजे लांबीच्या धाग्यांवर, जास्त असतो, त्यामुळे कुर्ता बहुधा रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतो. न धुतलेले सुती कापड ३ ते ५ टक्के सहज आटते, रेयॉन त्याहूनही जास्त आटू शकते. समजा लांबीत ५ आणि रुंदीत ३ टक्के धरले. ४२ इंच लांबीचा कुर्ता धुतल्यावर सुमारे ४० होईल आणि ४२ ची छाती सव्वा इंच कमी होऊन ४०.७५ वर येईल. ४० लांबी हवी असेल तर ४२ लांबीचाच मागवा.

मेसेज असा लिहा. विक्रेता जयपूर-सुरतचा असेल तर हाच हिंदीत लिहा:

‘नमस्कार. या कुर्त्यात कोणता धागा किती टक्के आहे? अस्तर आहे का, कशाचं? जीएसएम किती? माहीत नसल्यास एक मीटर कापडाचं वजन आणि पन्हा सांगा. शिवण्याआधी कापड धुतलंय का? धुतल्यावर लांबी-रुंदी किती टक्के कमी होते? तयार कुर्त्याची छाती आणि लांबी टेपनं मोजून सांगा, लेबलचा फोटोही पाठवा.’

‘आटत नाही’ एवढेच उत्तर आले तर ‘शिवण्याआधी धुतलंय की सॅनफोराइज्ड, म्हणजे कारखान्यातच आधी आटवलेलं, आहे?’ असे पुन्हा विचारा. दोन्हीपैकी काहीच सांगता आले नाही, तर न धुतलेले समजूनच माप ठरवा. फोनवर सांगितलेले मेसेजमध्ये लिहून घ्या आणि कुर्ता हाती येऊन मापे तपासून होईपर्यंत ते पुसू नका. लेबल काढण्याआधी आणि धुण्याआधी टेप लावा, कारण धुतलेला कपडा बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत.