धरणाच्या स्थिरतेचं गणित: कागदाला पेन लावण्याआधीची तयारी

सोलापुरात डिप्लोमा किंवा डिग्रीला सिव्हिल करणाऱ्यांसाठी लिहितोय. ट्रॅपेझॉइडल ग्रॅव्हिटी डॅमचं गणित तोंडीला हमखास येतं, आणि सूत्रं पाठ असूनही मुलं एकाच जागी अडखळतात: पायाखालच्या दाबाचं चिन्ह.

सगळ्यात आधी धरण कोणत्या जातीचं ते ठरवा. हिप्परग्याच्या एकरुख तलावाचा बांध मातीचा आहे, त्याची तपासणी वेगळ्या पद्धतीने होते. भीमेवरच्या उजनीत मातीचा भागही आहे आणि दगडी बांधकामाचाही. आपलं गणित फक्त दगडी भागाला लागू, जिथे भिंत निव्वळ स्वतःच्या वजनावर उभी असते. विचार नेहमी एक मीटर लांबीच्या तुकड्याचा करायचा, हे उत्तरपत्रिकेत पहिल्याच ओळीत लिहून टाका.

मग छेद काढा. आकृती मोठी हवी, बाण मावतील एवढी. मी हे उदाहरण घेतो: माथ्याची रुंदी 2 मीटर, पायाची 6 मीटर, उंची 10 मीटर, पाण्याकडची बाजू सरळ उभी, पाणी 9 मीटर. बांधकामाचं वजन दर घनमीटरला 22 किलोन्यूटन, पाण्याचं 9.81, आणि घर्षणांक 0.7. पायाची पाण्याकडची कड म्हणजे हील, खालच्या अंगाची कड म्हणजे टो. आकृतीवर ही दोन नावं आधी लिहा आणि सगळी आडवी अंतरं हीलपासूनच मोजा. काही हीलपासून, काही टोपासून असं सुरू झालं की पुढे गोंधळ ठरलेला.

वजन काढताना छेदाचे दोन तुकडे करा. आयताचं वजन 440 किलोन्यूटन, हीलपासून 1 मीटरवर. त्रिकोणाचंही 440, हीलपासून 3.33 मीटरवर. एकूण 880, आणि ते हीलपासून 2.17 मीटरवर. पाण्याचा आडवा जोर 9.81 × 81 ÷ 2 म्हणजे 397.3 किलोन्यूटन, पायापासून 3 मीटर उंचीवर, म्हणून त्याचा मोमेंट 1192. इथे उंची पाण्याची धरायची, भिंतीची नाही. घाईत 10 घातले जातात.

आता परिणामी बल पायाला कुठे छेदतं ते शोधा. पाण्याचा मोमेंट भागिले वजन म्हणजे 1.35 मीटर, तेवढं ते टोकडे ढकललं जातं आणि हीलपासून 3.52 मीटरवर येतं. पायाचा मध्य 3 मीटरवर, म्हणून e = 0.52. b/6 आहे 1 मीटर. बल मधल्या तिसऱ्या हिश्श्यात पडलं, तेव्हा पायाखाली कुठेही ताण नाही. दाबाचं सूत्र असं:

```
p = (V/b) × (1 ± 6e/b)
```

V म्हणजे एकूण उभं बल, आत्ता फक्त वजन. टोला 223 आणि हीलला 70 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. उलथण्याविरुद्धचा गुणांक काढताना मात्र मोमेंट टोभोवती घ्यायचे: 3373 ÷ 1192 = 2.83. सरकण्याविरुद्ध 0.7 × 880 ÷ 397.3 = 1.55. वर्गातलं गणित बहुतेक वेळा इथेच संपतं.

तुम्ही दोन पानं आणखी तयार ठेवा.

पहिलं पान रिकाम्या धरणाचं, आणि हे छोटं आहे. पाणी नसेल तर बल हीलपासून 2.17 मीटरवरच राहतं, e हीलकडे 0.83 होते, आणि दाब हीलला 269, टोला 24. आकडा नीट बघा: या छेदात सगळ्यात जास्त दाब तलाव भरलेला असताना टोला येत नाही, तो रिकामा असताना हीलला येतो. 'कमाल दाब सांगा' असा प्रश्न असेल तर दोन्ही अवस्था तपासल्याशिवाय उत्तर लिहू नका.

दुसरं पान अपलिफ्टचं, आणि खरी तयारी याचीच. पाणी पायाच्या सांध्यांतून आत शिरतं आणि भिंतीला वर ढकलतं. निचऱ्याची भोकं नाहीत आणि खालच्या बाजूला पाणी नाही असं धरलं, तर हीलला पूर्ण 9 मीटर पाण्याचा, म्हणजे 88.3 दाब, आणि टोला शून्य. हा त्रिकोण 265 किलोन्यूटनचा, हीलपासून 2 मीटरवर, वरच्या दिशेने. उभं बल 880 वरून 615 वर येतं. पुन्हा मोमेंट घेतले की बल हीलपासून 4.18 मीटरवर जातं आणि e = 1.18 होते. b/6 ओलांडलं. टोचा दाब तोच, 223. हीलला मात्र उणे 18.

पडताळणी सोपी आहे. आधीच्या 70.2 मधून 88.3 वजा करा, उणे 18.1 येतं. अपलिफ्टही सरळ रेषेतच उतरतो, म्हणून दोन दाब-आकृत्यांची थेट वजाबाकी चालते. एवढं जमलं नाही तर मोमेंटमध्ये कुठेतरी चिन्ह चुकलंय.

आता गुणांक बघा. उलथण्याविरुद्धचा अजून 1.50 आहे. म्हणजे धरण उलथण्यापासून लांब असतानाच हीलला ताण आलेला आहे. दगडी सांधा ताण घेईल यावर विसंबता येत नाही. तिथे चीर पडते, चिरेत पाण्याचा पूर्ण दाब शिरतो, अपलिफ्ट वाढतो, आणि चीर आणखी आत सरकते. म्हणून उलथण्याचा गुणांक चांगला आला की गणित संपलं, असं समजणं धोक्याचं. फ्रान्समधलं बूझे धरण 1884 मध्ये पायावर सरकलं, दुरुस्त झालं, आणि 1895 मध्ये फुटून ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच्या डिझाइनमध्ये अपलिफ्ट धरलेलाच नव्हता.

सरकण्याचा गुणांक 1.55 वरून 1.08 वर आला, हेही त्याच पानावर लिहा. प्रत्यक्षात पायाच्या पृष्ठभागाची चिकटण्याची ताकदही मोजतात, पण ती खडकाच्या तपासणीवर अवलंबून. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधीकधी मऊ तांबडा थर असतो, रेड बोल म्हणतात त्याला. वरचा खडक कितीही टणक असला तरी भिंत खडकाच्या तुकड्यासकट त्या थरावरून घसरू शकते. अशा वेळी घर्षणांक त्या थराचा धरावा लागतो, वरच्या खडकाचा नाही. तोंडीला 'हा 0.7 कुठून आणला?' विचारलं तर हे सांगता आलं पाहिजे.

छेद कसा सुधारायचा याचंही उत्तर जवळ असू द्या. पाया 6 ऐवजी 7 मीटर केला, बाकी सगळं तेच ठेवलं, आणि अपलिफ्ट नव्या रुंदीवर पूर्ण धरला, तरी हीलला अधिक 31 आणि टोला 164 दाब येतो. सरकण्याचा गुणांक 1.20 पर्यंत जातो. दुसरा मार्ग निचऱ्याच्या भोकांचा: आयएस 6512 प्रमाणे निचऱ्याच्या रेषेवर अपलिफ्ट वरच्या आणि खालच्या पाण्यातल्या फरकाच्या एक-तृतीयांशावर आणून मोजता येतो. पण भोकं गाळाने बुजली तर तो त्रिकोण पुन्हा पूर्ण होतो, म्हणून भोकं बुजलेल्या अवस्थेचाही हिशेब त्याच कागदावर करून ठेवा.