गोल टाकीची भिंत: रिंग टेन्शन आणि जाडी यांचा हिशोब

पाणीपुरवठ्याच्या डिझाइन ऑफिसात नव्याने आलेल्या मुलामुलींच्या हातात पहिलं काम बहुतेकदा जमिनीवरच्या गोल टाकीचं पडतं. मीही तिथूनच शिकलो. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते टाकीचा तळ भिंतीला किती धरून ठेवतो, हे ठरवताना.

आतला व्यास 10 मीटर आणि पाण्याची खोली 4 मीटर घेऊ. सव्वातीन लाख लिटरच्या आसपासची, गावाला पुरेल अशी टाकी. तळाशी पाण्याचा दाब 9.81 × 4, म्हणजे 39.24 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. टाकी उभी मधोमध कापली अशी कल्पना करा. पाणी दोन्ही अर्ध्या भागांना एकमेकांपासून ढकलतं आणि दोन बाजूंच्या भिंती त्यांना ओढून धरतात. भिंतीतला हा आडवा ताण म्हणजेच रिंग टेन्शन, म्हणून T = γHD/2; यात γ म्हणजे घनमीटरमागे पाण्याचं वजन, H खोली आणि D व्यास. इथे तळाशी मीटरभर उंचीच्या पट्ट्यात 196 किलोन्यूटन ताण येतो, आणि वर जाताना तो सरळ रेषेत शून्यापर्यंत उतरतो.

पण हे खरं कधी? भिंतीचा पाय बाहेर सरकायला मोकळा असेल तरच. काँक्रीटच्या कड्याला ताण घ्यायचा तर त्याला किंचित फुगावंच लागतं. 200 मिमी जाडी आणि एम-30 काँक्रीट धरून मी हे फुगणं काढून पाहिलं, तर त्रिज्या फक्त 0.17 मिमीने वाढते. एवढंसं सरकणं जरी तळाने अडवलं, तरी तळाजवळचं रिंग टेन्शन कोसळतं आणि तो भार भिंत उभ्या वाकण्यातून घेते.

पाण्याच्या टाक्यांसाठीचा भारतीय कोड IS 3370, त्याच्या भाग 4 मधले तक्ते यासाठीच आहेत. भिंतीची जाडी t धरून आधी H²/Dt काढायचं: 16 भागिले (10 × 0.2), म्हणजे 8. तळ पक्का, वरची कड मोकळी, या तक्त्यात 8 समोर सगळ्यात मोठा गुणांक 0.575 आहे, आणि तो वरून 0.6H वर, म्हणजे तळापासून 1.6 मीटरवर येतो. 196 ला त्याने गुणलं की ताण झाला 113 किलोन्यूटन. पायाशी पाण्याच्या बाजूला ताण देणारा मोमेंट साधारण 9.2 किलोन्यूटन-मीटर येतो, त्यासाठी आतल्या तोंडाला उभ्या सळया लागतात.

इथे माझं मत ठाम आहे. तक्त्यातला 'पक्का' तळ जागेवर सहसा मिळत नाही. फाउंडेशनखालची माती दबते, पाया थोडा फिरतो, आणि ताणाचं शिखर खाली सरकून मोठंही होतं. म्हणून तळाजवळचे छोटे गुणांक बघून तिथल्या आडव्या सळया विरळ करू नका. 2009 च्या आवृत्तीप्रमाणे सळईला 130 न्यूटन प्रति चौ.मिमी धरले, तर 113 किलोन्यूटनला 868 चौ.मिमी पुरतात. मी दोन्ही तोंडांना 12 मिमीच्या सळया 200 मिमी अंतराने देतो, म्हणजे 1131 चौ.मिमी, आणि त्या तशाच तळापर्यंत नेतो. (2021 मध्ये या कोडची सुधारित आवृत्ती आली आहे, मर्यादा तिच्यातून ताडून घ्या.)

आता जाडी. तळ मोकळा मानून पूर्ण 196 किलोन्यूटन टाकले, तरी सळयांचा वाटा धरून 200 मिमी भिंतीत काँक्रीटमधला ताण 0.94 न्यूटन प्रति चौ.मिमी येतो, 2009 च्या आवृत्तीत एम-30 ला थेट ताणासाठी 1.5 ची मुभा होती. मग 150 मिमी का नको? सळया मांडून बघा. दोन्हीकडे 45 मिमी कव्हर, 12 च्या दोन आडव्या, 10 च्या दोन उभ्या: झाले 134 मिमी. 150 च्या भिंतीत मधे 16 मिमी उरतात. तिथे व्हायब्रेटरची सुई जाणार कुठून? 200 मध्ये 66 मिमी मिळतात आणि 40 ची सुई आरामात उतरते. खोलीच्या मीटरमागे 3 सेंमी आणि वर 5 सेंमी हा जुना ठोकताळा इथे 17 सेंमी सांगतो. मी तो सुरुवातीच्या अंदाजापुरता वापरतो.

साइटवर गेलात की शटरिंग बंद होण्याआधी आडव्या सळयांचे लॅप, म्हणजे दोन सळया एकमेकींशेजारी ठेवून केलेले जोड, बघा. फिटर सोयीसाठी सगळे लॅप एका उभ्या रेषेत आणतो, कारण सळयांची लांबी एकसारखी कापलेली असते. ते अदलाबदलीने सरकवून घ्या, आणि थेट ताणातला लॅप वाकण्यातल्यापेक्षा लांब लागतो हेही त्याला सांगा.

टाकी भरून चाचणी घेताना ओल कुठे दिसते यावरून कारणाचा माग लागतो. किकर म्हणजे तळाबरोबर ओतलेला भिंतीचा बुटका भाग; त्याच्या वरच्या सांध्यावर आडवी ओली रेघ आली, तर सांध्याची साफसफाई किंवा काँक्रीट भरणं कमी पडलंय. उभी भेग टाकी भरण्याआधीच होती, तर ती बहुधा आकुंचनाची. भरल्यावर तळापासून मीटर-दीड मीटरवर उभी भेग उघडली आणि पाणी उतरवल्यावर मिटत गेली, तर ती रिंग टेन्शनची. तेव्हा आधी त्या उंचीवरच्या सळया आणि लॅप ड्रॉइंगशी ताडून पाहा.