शनिवारच्या प्रश्नमंजुषेआधी क्विझमास्टरने तपासायच्या गोष्टी

आठवडाभर आधी प्रश्न तयार झाले की ते एका बैठकीत मोठ्याने वाचून काढा. डोळ्यांना नीट वाटणारं वाक्य जिभेवर अडखळतं, ते तेव्हाच कळतं. घंटीच्या फेरीसाठी प्रश्न अवघडाकडून सोप्याकडे उतरत गेला पाहिजे, नाहीतर पहिल्याच शब्दाला घंटी वाजते आणि सभागृहाला काही कळतच नाही. आठवी-नववीसाठी माझ्याकडे असलेलं एक कार्ड असं आहे: "१९१२ च्या मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली / मेघदूताचा मराठी अनुवाद केला / केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला / तो १९५६ मध्ये, मुंबईच्या प्रश्नावरून / रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर कोण?" तिरकी रेघ आली की एक श्वास थांबायचं. उत्सुकता त्या रेघेत असते. आवाज चढवून ती येत नाही.

कार्डाच्या मागे उत्तर लिहिलं का, पाहा. चिंतामणराव देशमुख आणि सी. डी. देशमुख ही दोन्ही रूपं मान्य, नुसतं 'देशमुख' म्हटलं तर "पूर्ण नाव?" एवढंच विचारायचं. 'भारतीय' या शब्दाखाली रेघ मारा. तो वाचताना गळला तर उत्तर ऑसबोर्न स्मिथ होतं, १९३५ चे पहिले गव्हर्नर, आणि मागच्या रांगेतून एखादे पालक हमखास उभे राहतात.

त्याच बाजूला खाली येऊ शकणारी चुकीची उत्तरं लिहून ठेवा. या कामाला मी प्रश्न काढण्याइतकाच वेळ देतो. 'राजीनामा' ऐकताच कुणीतरी घंटी दाबून "बाबासाहेब आंबेडकर" म्हणणार, हे धरून चाला. मुलाचा विचार रास्त आहे: त्यांनीही केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता, हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून, पण १९५१ साली. हे कौतुक मात्र लगेच करू नका. "छान, पण त्यांचा राजीनामा आधीचा होता" असं बोललात की पुढच्या संघाला फुकटात सूचना मिळाली. "जवळ आलात" हे तर सगळ्यात वाईट; ते एकाला दिलासा आणि दुसऱ्याला उत्तर देतं. तेव्हा संहितेत चुकीच्या उत्तरासाठी दोन जागा ठेवा. पहिली जागा लगेचची, अगदी कोरडी: "नाही. उरलेला प्रश्न बाकीच्या संघांसाठी." मग जिथे तोडला तिथून पुढे वाचायचं. दुसरी जागा प्रश्न निकाली निघाल्यावरची: "ब संघाने बाबासाहेबांचं नाव घेतलं ते उगाच नाही…" आणि मग १९५१ ची गोष्ट. मान खाली घातलेलं मूल तेव्हा वर बघतं. हे वाक्य विसरू नये म्हणून मी कार्डाच्या कोपऱ्यात 'परत ये' असं लिहितो.

"नक्की?" या शब्दाचं काय करायचं, ते आदल्या दिवशी ठरवा. आपण तो नकळत चुकीच्या उत्तरालाच विचारतो, आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत मुलांना ते उमगलेलं असतं. आमच्या एका स्पर्धेत सातवीतल्या मुलीने माझ्या "नक्की?"वर उत्तर बदललं आणि ते बरोबर निघालं. टाळ्या तिला मिळाल्या, चूक माझी होती. तेव्हापासून मी तो शब्द सोडला. उत्तर कुठलंही येवो, मनात 'एक, दोन' म्हणायचं आणि मगच निकाल. दोन्ही वेळा तेवढाच थांबा, आणि नजर कार्डावर. घरी कुणाला तरी समोर बसवून सराव करा; चेहरा वाचता आला की ते सांगतातच.

सकाळी घंट्या, फळा आणि गुण लिहिणाऱ्याला नियमांची चिठ्ठी एवढं पाहिलं की पुरे. बरोबर उत्तराला १०, सरकत आलेल्या प्रश्नाला ५, आणि घंटी वाजल्यावर वेळ १० सेकंद. हे नियम सुरुवातीलाच मोठ्याने सांगायचे, मधे बदलायचे नाहीत.

शेवटी बरोबरी सोडवायचे तीन प्रश्न वेगळ्या पाकिटात ठेवा. ते आकड्यांचे असावेत, म्हणजे कुणी साफ चुकत नाही, फक्त लांब किंवा जवळ राहतो. उदाहरणार्थ, कळसूबाईची उंची किती मीटर? दोन्ही संघांनी पाटीवर लिहायचं आणि एकदमच वळवायचं. उत्तर १६४६. एका पाटीवर १५००, दुसरीवर १७०० असेल तर आधी दोन्ही आकडे वाचा, मग उत्तर सांगा. वजाबाकी सभागृहच करतं. पाट्या आणि खडू पाकिटासोबतच ठेवा, ऐनवेळी खडू सापडत नाही.