फोटोत आलेलं भागीदारीचं गणित: भांडवल आणि मुदतीच्या प्रमाणात नफा कसा वाटावा

मुंबईत अकरावी-बारावी कॉमर्सच्या मुलांचा निम्मा अभ्यास व्हॉट्सॲपवर चालतो. लोकलमधून कोणीतरी पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, ‘हे कसं सोडवायचं?’ भागीदारीच्या गणितात अडतं ते बहुतेक वेळा रीतीवर नाही, तर वाचण्यावर. म्हणून फोटोवरून थेट आकडेमोडीला लागू नका. आधी अख्खं गणित वहीत उतरवून घ्या. नमुन्यादाखल पुस्तकी धाटणीचं हे एक गणित घेऊ:

सुनीता आणि नितीन यांनी १ एप्रिल २०२३ रोजी दादरला कापडाचं दुकान सुरू केलं. सुनीताने ६०,००० आणि नितीनने ८०,००० रुपये भांडवल घातलं. चार महिन्यांनी नितीनने २०,००० रुपये काढून घेतले. १ ऑक्टोबरला फरीदा ८०,००० रुपये घेऊन भागीदार झाली. ३१ मार्च २०२४ रोजी ७५,००० रुपये नफा झाला. तो तिघांत वाटा.

उतरवताना तीन जागा बोट ठेवून वाचा. पहिली, रकमेतली शून्यं आणि स्वल्पविराम. दुसरी, तारखेचा आकडा. अंधुक फोटोत देवनागरी १ आणि ९ सारखेच दिसतात, तसेच इंग्रजी सहा आणि आठही. तारीख ९ ऑक्टोबर वाचली गेली, तर मुदत पूर्ण महिन्यांत बसत नाही, तिथेच शंका यायला हवी. तिसरी जागा म्हणजे क्रियापद. ‘२०,००० काढून घेतले’ आणि ‘२०,००० ठेवून बाकीचे काढून घेतले’ ही दोन वेगळी गणितं आहेत, आणि नेमकं ओळीच्या शेवटचं क्रियापद पुस्तकाच्या घडीत गडप होतं.

गणित कोणत्या विषयाचं आहे तेही बघून घ्या, कारण फोटोत धड्याचं नाव क्वचितच येतं. भांडवल, तारखा, नफा आणि ‘वाटा काढा’ एवढंच असेल तर ते मॅथ्सचं. तिथे भांडवल आणि मुदतीच्या गुणाकाराने वाटणी होते. भांडवलावरील व्याज, उचल, भांडवल खाती, ताळेबंद असे शब्द असतील तर ते बुक-कीपिंगचं. तिथे नियम निराळा आहे: करारात नफ्याचं प्रमाण ठरलेलं नसेल, तर १९३२च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे नफा सारखा वाटतात. आपल्या गणितातला नफा त्या नियमाने वाटला तर प्रत्येकाला २५,००० रुपये मिळतील. मॅथ्सच्या पेपरात ते उत्तर चूक ठरेल.

आता मुदत. पुस्तक वर्ष एप्रिल ते मार्च धरतंय की जानेवारी ते डिसेंबर, हे हिशेबाच्या तारखेवरून कळतं. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. महिने वजाबाकीने काढू नका, बोटांवर मोजा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च: फरीदाचे सहा महिने. डोक्यात वजाबाकी करणारी मुलं इथे हमखास पाच म्हणतात. नितीनचं ‘चार महिन्यांनी’ म्हणजे एप्रिल ते जुलै ८०,००० रुपये, आणि ऑगस्टपासून पुढचे आठ महिने ६०,००० रुपये.

मग प्रत्येकाचा गुणाकार. ज्याचं भांडवल मध्येच बदललं, त्याचे तुकडे पाडायचे आणि शेवटी बेरीज करायची.

सुनीता: ६०,००० × १२ = ७,२०,०००
नितीन: (८०,००० × ४) + (६०,००० × ८) = ३,२०,००० + ४,८०,००० = ८,००,०००
फरीदा: ८०,००० × ६ = ४,८०,०००

नितीनच्या बाबतीत बरीच मुलं ८०,००० आणि ६०,०००ची सरासरी ७०,००० काढून तिला बाराने गुणतात. ते चालत नाही, कारण दोन्ही रकमा सारख्याच काळ धंद्यात नव्हत्या. मोठी रक्कम चारच महिने होती, म्हणून त्याचं खरं सरासरी भांडवल सुमारे ६६,६६७ रुपये येतं. या गुणाकारामागचं गृहीतकही ध्यानात ठेवा: नफा वर्षभर सारखाच होत गेला असं आपण मानतो. खऱ्या दुकानात दिवाळीचा गल्ला आणि जूनचा गल्ला सारखा नसतो, पण गणितात तो सारखा धरलेला असतो.

आता शून्यं उडवा: ७२ : ८० : ४८. आठने भाग दिला की ९ : १० : ६. बेरीज २५. नफ्याचे २५ भाग केले तर एक भाग ३,००० रुपयांचा. सुनीताला २७,०००, नितीनला ३०,००० आणि फरीदाला १८,००० रुपये. तिन्हींची बेरीज ७५,००० येते का, हे लगेच पाहा. गणितात एखाद्या भागीदाराला काम पाहण्याबद्दल पगार किंवा कमिशन सांगितलं असेल, तर ते नफ्यातून आधी वजा करायचं आणि उरलेलाच नफा या प्रमाणात वाटायचा.

पाठ्यपुस्तकातले आकडे बहुधा सुटसुटीत उत्तर येईल असे बेतलेले असतात, आणि फोटो तपासायला याचा चांगला उपयोग होतो. सुनीताचे ६०,००० चुकून ८०,००० वाचले, तर प्रमाण ६ : ५ : ३ येतं, बेरीज १४, आणि ७५,०००ला १४ने पूर्ण भाग जात नाही. नितीनचे २०,००० चुकून २,००० उतरले तर बेरीज १३४ येते. असे अडनिडे अपूर्णांक दिसले की आकडेमोड पुन्हा करण्याआधी फोटो मोठा करून बघा.

पण या तपासणीला सगळ्या चुका सापडत नाहीत. नफा ७५,०००ऐवजी १५,००० वाचला तरी एक भाग नेटका ६०० रुपयांचा येतो. फरीदाचे महिने पाच धरले तर प्रमाण ९ : १० : ५ होतं, एक भाग ३,१२५ रुपयांचा, आणि वाटे पूर्ण रुपयांतच येतात. म्हणजे नफ्याचा आकडा आणि महिने हे दोन्ही डोळ्यांनीच तपासावे लागतात.

फोटोत एखादी गोष्ट साफच गेली असेल, पण पुस्तकामागचं उत्तर हाताशी असेल, तर उलटं जाता येतं. समजा, फरीदा कधी आली ती तारीख घडीत गेली आहे. मागच्या उत्तरात सुनीताचा वाटा २७,००० आणि फरीदाचा १८,००० आहे. वाट्यांचं प्रमाण म्हणजेच गुणाकारांचं प्रमाण, आणि १८,००० हे २७,०००च्या दोन तृतीयांश. सुनीताचा गुणाकार ७,२०,०००, त्याच्या दोन तृतीयांश ४,८०,०००. त्याला फरीदाच्या ८०,००० रुपयांनी भागलं की सहा येतात. सहा महिने, म्हणजे ती १ ऑक्टोबरला आली.

फरीदाचं भांडवल आणि तारीख दोन्ही गेली असतील, तर हे जमणार नाही. ८०,००० रुपये सहा महिने आणि ४०,००० रुपये बारा महिने यांचा गुणाकार एकच येतो. अशा वेळी पान सपाट करून, चारही कडा दिसतील असा नवीन फोटो मागवा, आणि सोबत उत्तरांच्या पानाचाही.