लॅपटॉप घेताना ब्राइटनेस कमी करून बघा

इंदूरला जेल रोडवर लॅपटॉप बघायला गेलात, तर दुकानात स्क्रीन पूर्ण उजेडावरच असते. पांढरं पान उघडा, ब्राइटनेस 20 टक्क्यांवर आणा आणि मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर 1/2000 ठेवून स्क्रीनजवळ धरा. जाड काळे पट्टे दिसले, तर उजेड कमी करण्यासाठी स्क्रीन उघडझाप करते आहे, तीही सावकाश, बऱ्याचदा सेकंदाला दोनअडीचशे वेळाच. काहींचं डोकं त्यानेच दुखतं. पट्टे बारीक आणि दाट असतील तर वेग जास्त, त्रास सहसा कमी. तरी दहा मिनिटं तिथेच वाचून बघा. मग ब्राइटनेस हळूहळू वाढवा. पट्टे जिथे नाहीसे होतात, त्याच्या खाली रात्री जाऊ नका, डार्क थीम लावा. काही ओलेड स्क्रीनवर मात्र ते जातच नाहीत.