ई-इन्व्हॉइस स्वीकारण्याआधी क्यूआर ॲपमध्ये तपासा

पुरवठादाराच्या बिलावर ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइस पोर्टलने बिलाला दिलेला नोंदणी क्रमांक, आणि क्यूआर कोड छापलेला दिसला, एवढ्यावर बिल पास करू नका. जुना कोड नव्या बिलावर चिकटवणं अगदी सोपं आहे. फोनच्या साध्या कॅमेऱ्याने स्कॅन केलं तर फक्त अक्षरांची लांबलचक माळ दिसते. त्यासाठी ई-इन्व्हॉइस पोर्टलवरचं क्यूआर पडताळणीचं ॲप वापरा. ते डिजिटल सही तपासतं आणि पुरवठादार व खरेदीदार दोघांचे जीएसटी नोंदणी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, मुख्य मालाचा एचएसएन कोड दाखवतं.

आता कागदाशी ताडून पाहा. समजा बिलावर १,१८,००० रुपये आहेत आणि ॲपमध्ये १,०८,०००. म्हणजे आयआरएन घेतल्यावर बिलात फेरफार झालाय. ते परत पाठवा. (पैसे भरण्याचा यूपीआय क्यूआर वेगळा, त्यात गल्लत नको.)

सही बरोबर निघाली तरी आयआरएन रद्द झालेला असू शकतो, कारण २४ तासांत तो पोर्टलवर रद्द करता येतो आणि छापलेल्या कोडला ते कळत नाही. म्हणून एक दिवस उलटल्यावर पोर्टलवर आयआरएनची सद्यस्थिती बघा, मगच पैसे सोडा.