पत्र्यातून वर गेलेला व्हेंट पाइप दर पावसाळ्यात गळतो? या चुका टाळा

मुलुंडच्या एका सोसायटीत गच्चीवरच्या शेडखाली तीन पावसाळे बादली ठेवलेली होती. 110 मिमीचा पीव्हीसी व्हेंट पाइप पत्र्यातून वर गेलेला आणि त्याच्याभोवती आधी सिमेंट, मग डांबर, त्यावर सिलिकॉन. दर मे महिन्यात नवा थर चढायचा आणि जुलैत थेंब पुन्हा सुरू व्हायचे.

मूळ चूक सिमेंटचीच. पीव्हीसी उन्हात बराच वाढतो. 3 मीटरचा पाइप 25 अंशांनी तापला की साधारण 5 मिमी लांब होतो आणि संध्याकाळी सर आली की आखडतो. ही रोजची ओढाताण कडक लेपाला सोसत नाही, म्हणून पाइपाला चिकटून केसाएवढी फट पडते. तिथे हवा ताणला जाणारा ईपीडीएम रबराचा बूट, म्हणजे पाइपावर घट्ट बसणारी आणि खाली चौकोनी तळ असलेली रबरी टोपी.

आम्ही जुने थर खरवडून बूट बसवला, पण घाईत दोन गोष्टी चुकल्या. बुटाचं भोक पाइपाच्या मापाचंच कापलं. ते सुमारे वीस टक्के लहान, म्हणजे 110 च्या पाइपाला 88 ते 90 मिमी हवं. तेव्हाच रबर पाइपाला आवळून धरतं. साबणाचं पाणी लावलं की बूट वरून सहज सरकतो. सैल बुटावर तार आवळून काम भागत नाही.

दुसरी चूक जास्त नडली. बुटाचा चौकोनी तळ उताराला आडवा, सरळ बसवला होता. वरून येणारं पाणी त्या कडेवर थडकून पन्हळीत तुंबायचं, पानं अडकायची आणि पाणी कडेखालून आत शिरायचं. तळ तिरका फिरवून एक कोपरा उताराच्या वरच्या बाजूला ठेवला, की पाणी दोन्हीकडे फाकतं. (पाइपानं अख्खी पन्हळच अडवली असेल तर नुसता बूट पुरत नाही, वरून मोभापर्यंत सपाट पत्रा घालावा लागतो.)

मग बुटाच्या तळाची ॲल्युमिनियमची कड प्रत्येक उंचवट्यावर आणि पन्हळीत दाबून बसवली. सिलिकॉन कडेच्या वरून फासू नका, खाली सलग पट्टा घाला आणि दर चार सेंटीमीटरवर स्क्रू मारा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन जस्ताचा पत्रा खातं, न्यूट्रल प्रकारचं मागा. शेडखाली पाइपाला क्लॅम्प हवाच, नाहीतर वाऱ्यात डुलणारा पाइप रबर फाडतो.

तपासताना नळी आधी बुटाच्या खालच्या बाजूला धरा, मग बाजूंना, शेवटी वर, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. जिथे धरल्यावर थेंब येईल, गळती तिथेच. थेंब मात्र पाइपाच्या जोडावरूनही येऊ शकतो, म्हणून आतून पाइपावर टॉर्च मारून पाहा. मुलुंडला वरच्या बाजूला नळी धरली तेव्हा आधी लगेच पाणी यायचं; तळ फिरवल्यावर वीस मिनिटं धरूनही खालचा पत्रा कोरडा राहिला.